‘पणियारम’ गेले आणि तमिळनाडू गेला : लिस्टिंगमधील बदलांच्या नोंदवहीचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीकडून आम्ही बिडाची भांडी ओतून घेतो आणि ती एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. माल मोजकाच आहे : दोन आकारांचे तवे, एक कढई आणि सात खळग्यांचे आप्पेपात्र. घरातला निम्मा व्यवसाय या आप्पेपात्रावर चालतो. भांड्यांचे घासकाम, तेल लावून भट्टीत तापवणे आणि पॅकिंग मी पाहते. लिस्टिंग, म्हणजे त्या वस्तूचे विक्रीचे पान, मी आणि माझा भाचा असे दोघे मिळून सांभाळतो. हे ‘दोघे मिळून’ पुढे बरेच महागात पडले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आप्पेपात्राच्या ऑर्डरी अचानक कमी झाल्या. गणपती तोंडावर होते, भाव तोच होता, स्टॉक भरलेला होता. मी भाच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, मी फक्त पहिला फोटो बदलला, आणि वर्णनात थोडंसं केलं.” ते ‘थोडंसं’ म्हणजे काय आणि ते कधी केले, हे त्याला आठवेना. त्याच पंधरवड्यात मीही पाठवणीचा अवधी एका दिवसावरून दोन दिवसांवर नेला होता, हे मला तब्बल आठवड्याने आठवले. जुने वर्णन कोणाकडेच जपून ठेवलेले नव्हते. शेवटी घाबरून आम्ही जे जे आठवले ते सगळे एका रात्रीत उलटे फिरवले. ऑर्डरी सावरल्या, पण कशामुळे सावरल्या ते कळले नाही, कारण मध्ये गणपतीही येऊन गेले होते. फिरवलेल्या गोष्टींत एखादी चांगलीही असेल, तर ती आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

त्यानंतर मी एक दोनशे पानी लांब वही आणली आणि तिच्यावर ‘बदल’ असे लिहून ती पॅकिंगच्या टेबलावर ठेवली. ही वही चार महिनेच टिकली. तिच्यात नोंदी होत्या, पण ‘टायटल सुधारले’, ‘फोटो चांगला टाकला’ अशा. सहा महिन्यांनी अशी नोंद वाचणाऱ्याला ‘सुधारले’ म्हणजे आधी काय होते आणि नंतर काय झाले हे कळत नाही. शिवाय सत्तर-ऐंशी इंग्रजी अक्षरांचे टायटल हाताने उतरवून घ्यायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यात नेमका महत्त्वाचा शब्द गळतो. म्हणून जानेवारी २०२५ पासून आम्ही दोघांना फोनवरून उघडता येईल अशी एक शीट सुरू केली. प्रत्येक बदलाला एक ओळ दिली आणि त्या ओळीत तारीख व वेळ, बदल करणारा, वस्तूचा एसकेयू म्हणजे आमचा सांकेतिक क्रमांक, पानाचा कोणता भाग, जुना मजकूर जसाच्या तसा, नवा मजकूर जसाच्या तसा, बदलाचे कारण, आणि तो बदल गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष कधी दिसू लागला, एवढे रकाने ठेवले. शेवटचा रकाना ‘निष्कर्ष’ असा आहे आणि तो किमान चार आठवडे रिकामा ठेवायचा असा नियम केला.

यातले दोन रकाने पहिल्यांदा मला उगीचच वाटले होते. एक कारणाचा. पण बदल करण्याआधी ‘यामुळे परत येणारा माल कमी व्हावा’ किंवा ‘यामुळे शोधात वर दिसावे’ असे लिहून ठेवले, तर नंतर नेमका कोणता आकडा तपासायचा ते ठरलेले असते. नाहीतर विक्री वाढली की आपण तिचे श्रेय हव्या त्या बदलाला देतो. दुसरा रकाना ‘दिसू लागले’ हा. आपण ‘सेव्ह’ केले त्या क्षणी पान बदलत नाही. कधी दहा मिनिटे लागतात, कधी दोन दिवस. फोटो तर काही वेळा तपासणीत अडकतात आणि आपल्याला वाटते की तो लागला. म्हणून आम्ही आपले खाते ज्यात उघडलेले नाही अशा फोनवरून, म्हणजे माझ्या बहिणीच्या फोनवरून, पान पाहतो आणि मगच तो रकाना भरतो. हिशेबाची सुरुवात त्या तारखेपासून धरायची, सेव्ह केल्याच्या तारखेपासून नव्हे.

आता ज्या प्रसंगामुळे ही शीट आमच्या घरात पक्की झाली, तो सविस्तर सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात आप्पेपात्राच्या दिवसाला सरासरी सहा, म्हणजे आठवड्याला बेचाळीसच्या आसपास ऑर्डरी येत होत्या. इतक्या लहान संख्येत चढउतार आपोआपच होत असतात आणि प्रत्येक वेळी कारण शोधत बसलो तर वेड लागेल. एका ओळखीच्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी मला एक ढोबळ माप सांगितले होते : अशा मोजणीचे वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, आणि तेवढ्या फरकाला फार किंमत देऊ नका. बेचाळीसचे वर्गमूळ साडेसहाच्या जवळ आहे, त्याची दुप्पट तेरा. म्हणजे आठवड्याला तीस ऑर्डरी आल्या तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो, पण एकोणतीसच्या खाली आकडा गेला की उठून शीट उघडायची. हे माप शास्त्रशुद्ध परीक्षा नव्हे, पण उगाच धावपळ टाळायला ते पुरते.

६ जुलैला, आषाढी एकादशीच्या दिवशी, रात्री मी आठवड्यांचे आकडे मांडले. ९ ते १५ जून या आठवड्यात एक्केचाळीस ऑर्डरी होत्या, पुढच्या आठवड्यात एकतीस, त्याच्या पुढच्यात एकोणतीस आणि नुकत्याच संपलेल्या आठवड्यात सव्वीस. एखादा आठवडा वाईट गेला असता तर मी सोडून दिले असते, पण ही उतरण होती. त्याच काळात बिडाच्या मोठ्या तव्याची विक्री जवळजवळ जागच्या जागी होती. त्या तव्याच्या पानाला आम्ही तीन महिने हात लावलेला नव्हता. त्यामुळे सगळ्यांचीच विक्री पडली, लोक पावसाने खरेदी करत नाहीत, ही सबब बाद झाली. जे काही झाले होते ते आप्पेपात्राच्या पानावरच झाले होते.

शीटमध्ये जून महिन्यात आप्पेपात्राच्या दोनच ओळी होत्या. एक माझी, २४ जूनची : भाव ८५५ रुपयांवरून ८९५ रुपये, कारण फाउंड्रीने ओतकामाचा दर वाढवला होता. दुसरी भाच्याची, १० जूनची : टायटलमध्ये बदल, १२ जूनच्या संध्याकाळी पानावर दिसू लागला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले होते, ‘मोबाईलवर टायटल अर्धे तुटते, प्री-सीझन्ड हा शब्द दिसत नाही, तो पुढे आणला.’ जुना आणि नवा मजकूर असा होता :

```
जुने : Cast Iron Appe Patra / Paniyaram Pan / Paddu Maker, 7 Cavity, Pre-Seasoned, 18.5 cm
नवे  : Pre-Seasoned Cast Iron Appe Pan with Lifter, 7 Cavity, 18.5 cm
```

माझा पहिला संशय अर्थातच भाववाढीवर गेला. चाळीस रुपये वाढवले आणि गिऱ्हाईक गेले, ही गोष्ट मनाला लगेच पटते. पण तारखा तसे म्हणत नव्हत्या. आकडा एकतीसवर आला तो १६ ते २२ जूनच्या आठवड्यात, आणि भाव वाढला २४ जूनला. परिणाम कारणाच्या आधी येत नाही. एकतीस हा आकडा योगायोगाच्या हद्दीत बसत असल्यामुळे एवढ्यावर मी निकाल देणार नव्हते, पण टायटलकडे नीट पाहावेसे वाटले ते यामुळे.

नव्या टायटलमधून ‘पणियारम’ आणि ‘पड्डू’ हे दोन शब्द गेले होते. जे आपल्याकडे आप्पे, तेच तमिळनाडूत पणियारम, कर्नाटकात पड्डू किंवा गुंडपोंगलू आणि तेलुगू घरांत गुंट पोंगनालु. भांडे एकच आहे, पण मदुराईची बाई शोधाच्या चौकटीत ‘आप्पे’ असे कधीच लिहिणार नाही. मी भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, “ते शब्द मागच्या की-वर्डमध्ये आहेत की. टायटलमध्ये कशाला परत?” त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. गिऱ्हाइकाला न दिसणारी, फक्त शोधासाठीची एक चौकट असते आणि तिथे असे पर्यायी शब्द भरायचे असतात.

संशय खरा की खोटा हे पाहायला मग मी दोन स्वतंत्र वाटा धरल्या.

पहिली वाट राज्यांची. ऑर्डरींच्या अहवालात प्रत्येक पार्सल कोणत्या राज्यात गेले ते असते. बदल दिसू लागण्याआधीचे चार आठवडे, १५ मे ते ११ जून, आणि नंतरचे चार आठवडे, १३ जून ते १० जुलै, असे दोन गठ्ठे केले. दुसरा गठ्ठा पुरा होण्यासाठी चार दिवस थांबावे लागले आणि ते चार दिवस हात शिवशिवत होते. आधीच्या गठ्ठ्यात एकूण १६८ ऑर्डरी होत्या : महाराष्ट्र ७१, तमिळनाडू ३८, कर्नाटक २९ आणि बाकी सगळा देश ३०. नंतरच्या गठ्ठ्यात एकूण ११८ : महाराष्ट्र ६९, तमिळनाडू ९, कर्नाटक १७ आणि बाकी देश २३.

हे चार आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर भाववाढीचा संशय जवळजवळ मिटला. भाव साऱ्या देशाला सारखाच वाढला होता. चाळीस रुपयांनी तमिळनाडूचे गिऱ्हाईक चौथ्या हिश्श्यावर यावे आणि महाराष्ट्राचे दोनच ऑर्डरींनी घटावे, हे होत नाही. वर्गमुळाचे माप लावले तर अडतीसमधून बारापर्यंतची घट मी योगायोग मानली असती. इथे एकोणतीसची घट होती. कर्नाटकाची बारा ऑर्डरींची घट त्या मापाच्या काठावर पडते, आणि बाकी देशाची सातची घट त्याच्या आतच आहे, म्हणून त्या दोहोंबद्दल मी शीटमध्ये काहीच ठामपणे लिहिले नाही. कर्नाटकातले बरेच गिऱ्हाईक बेळगाव-धारवाड पट्ट्यातले असते आणि त्यांना ‘आप्पे’ हा शब्द अनोळखी नाही, हे एक कारण असू शकेल, पण तो माझा अंदाज आहे.

दुसरी वाट सरळ शोधाची. बाजारपेठेच्या शोधाच्या चौकटीत आपल्या वस्तूचा ओळख क्रमांक लिहायचा आणि त्याच्या पुढे तपासायचा तो एकच शब्द लिहायचा. तो शब्द आपल्या वस्तूशी जोडलेला असेल तर वस्तू समोर येते, नसेल तर काहीच सापडत नाही. क्रमांकापुढे `appe` लिहिले, आप्पेपात्र आले. `cast iron` लिहिले, आले. `paniyaram` लिहिले, काही नाही. `paddu` लिहिले, काही नाही. मागच्या की-वर्डमध्ये ते शब्द असूनसुद्धा नाही. विक्रीच्या आकड्यांचा इथे संबंधच नव्हता, त्यामुळे ही साक्ष मला अधिक मोलाची वाटली.

मग की-वर्डच्या चौकटीचे काय झाले होते? शीटमध्ये त्याचीही ओळ सापडली, २२ जानेवारीची. तोवर तिथे इंग्रजी लिपीतले शब्द होते. त्या दिवशी भाच्याने उत्साहाने त्यांच्याबरोबर देवनागरी, कन्नड आणि तमिळ लिपीतलेही शब्द भरले होते. त्या चौकटीला मर्यादा होती २०० बाइटची, आणि ती बाइटची आहे, अक्षरांची नाही, इथेच पाय घसरला होता. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त या प्रत्येकाला, तीन बाइट लागतात. कन्नड आणि तमिळचेही तसेच. `appe patra` मधली जागा धरून दहा बाइट होतात, तर ‘आप्पेपात्र’ या शब्दात दहा चिन्हे असल्याने तीस बाइट होतात. सगळे मिळून बेरीज ३४० च्या पुढे गेली होती. अशा वेळी जादाचा भाग कापला जाईल असे आम्हाला वाटले असते, पण तिथल्या मदतपानावर लिहिले होते की मर्यादा ओलांडली तर पूर्ण चौकटच शोधासाठी धरली जात नाही. चूक झाल्याची सूचना पडद्यावर कुठेही आली नव्हती.

म्हणजे जानेवारीपासून ती चौकट मेलेलीच होती. जानेवारी ते जून विक्रीला काही झाले नाही, कारण तेच शब्द टायटलमध्ये होते. जूनमध्ये टायटलमधून शब्द गेले आणि खालचा आधार आधीच नाहीसा झालेला होता. दोन्ही बदल वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी होते. पाच महिन्यांच्या अंतराने केलेले दोन बदल एकमेकांशी असे जोडलेले असतील, हे कोणाच्याही स्मरणात राहिले नसते. इथे जुन्या ओळी जपल्याचा खरा उपयोग झाला.

भाच्याचे म्हणणे होते की टायटलही दुरुस्त करू, की-वर्डही दुरुस्त करू आणि भावही परत खाली आणू, एकदाच सगळे मोकळे. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही नेमके हेच केले होते. मी एकाच गोष्टीला परवानगी दिली. १४ जुलैला टायटलमध्ये दोन शब्द परत घातले. त्याची मूळ तक्रार, मोबाईलवर टायटल तुटते ही, खरी होती, म्हणून जुने टायटल जसेच्या तसे न आणता शब्दांचा क्रम बदलला :

```
Cast Iron Appe Patra, Paniyaram Pan, Paddu Maker, Pre-Seasoned, 7 Cavity, 18.5 cm
```

भाव ८९५ च ठेवला. १५ जुलैला नवे टायटल बहिणीच्या फोनवर दिसले आणि त्याच संध्याकाळी क्रमांक आणि `paniyaram` लिहिल्यावर आप्पेपात्र समोर आले. १६ जुलै ते १२ ऑगस्ट या चार आठवड्यांत १५३ ऑर्डरी आल्या : महाराष्ट्र ६६, तमिळनाडू ३३, कर्नाटक २७, बाकी देश २७. मध्ये २५ जुलैला आपल्याकडे श्रावण सुरू झाला, तीही ओळ शीटमध्ये टाकून ठेवली, कारण तो बदल आमचा नसला तरी घडलेली गोष्ट होती. की-वर्डची चौकट १४ ऑगस्टला दुरुस्त केली : देवनागरी, कन्नड आणि तमिळ लिपीतले शब्द काढले, इंग्रजी लिपीतले ठेवले, `gunta ponganalu` हा नवा घातला, एकूण १६२ बाइट. त्यानंतर विक्रीत डोळ्यांत भरावा असा काही फरक पडला नाही, कारण मोठे शब्द टायटलमधून आधीच पोहोचत होते. निष्कर्षाच्या रकान्यात ‘परिणाम दिसला नाही, आधार म्हणून ठेवावे’ असे लिहिले.

ही घटना नीट सुटली, कारण दोन्ही वेळा एका वेळी एकच धागा ओढला होता आणि राज्यांचा अहवाल हाताशी होता. पण नोंदवही हाताशी असूनही माणूस चुकीचे वाचू शकतो, हे मला त्याआधी मार्च महिन्यात कळले होते.

आप्पेपात्र परत येण्याचे सर्वांत मोठे कारण असायचे ‘वाटले त्यापेक्षा लहान’. फोटो जवळून काढलेला असल्यामुळे साडेअठरा सेंटिमीटरचे भांडे परातीएवढे दिसायचे. ३ मार्च २०२५ ला आम्ही दुसऱ्या क्रमांकावर नवा फोटो लावला, त्यात भांड्याच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवली होती. कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘लहान म्हणून परत येणारा माल कमी व्हावा.’ पुढच्या दोन आठवड्यांत नऊ भांडी परत आली. आधी दोन आठवड्यांत सात-आठ यायची. भाचा म्हणाला फोटो उलटा पडला, पट्टी पाहून लोकांना भांडे आणखीच लहान वाटू लागले. मीही जवळजवळ फोटो काढायला निघाले होते.

मग त्या नऊ पार्सलांवरच्या ऑर्डरच्या तारखा पाहिल्या. नऊपैकी आठ भांडी ३ मार्चच्या आधी मागवलेली होती. माल पोहोचायला चार-पाच दिवस, परत करायला दहा दिवसांची मुदत, परतीच्या प्रवासाला आणखी आठवडा. म्हणजे आज दारात आलेले परतीचे पार्सल दोन ते तीन आठवड्यांपूर्वीच्या पानाबद्दल बोलत असते. ज्यांनी नवा फोटो पाहिलाच नव्हता त्यांची नाराजी आम्ही नव्या फोटोच्या खात्यावर टाकत होतो. तेव्हापासून परतीचा माल परत आल्याच्या तारखेने मोजणे बंद केले आणि तो मूळ ऑर्डरच्या तारखेला लावायला सुरुवात केली. त्या पद्धतीने हिशेब असा निघाला : बदलाआधीच्या चार आठवड्यांतल्या १६० ऑर्डरींपैकी १७ परत आल्या, नंतरच्या चार आठवड्यांतल्या १६४ पैकी ८. हा शेवटचा आकडा समजायला एप्रिलची अखेर उजाडली. सतरा आणि आठ या दोन्ही संख्या लहान आहेत, त्यामुळे ‘सिद्ध झाले’ असे मी लिहिले नाही, पण आठपैकी दोघांनीच ‘लहान’ हे कारण दिले होते आणि आधीच्या सतरांपैकी अकरांनी. फोटो अजून तिथेच आहे.

आम्ही केलेलेच बदल लिहून भागत नाही, हेही मध्येच ध्यानात आले. मे महिन्यात एका सोमवारी पाहिले तर कढईच्या पानावर धातू ‘कास्ट आयर्न’ऐवजी नुसते ‘आयर्न’ असे झाले होते. आम्ही दोघांपैकी कोणीही ते केले नव्हते. बाजारपेठेच्या यंत्रणेनेच माहितीची सरमिसळ केली असावी. त्यामुळे तक्रार करून ते परत दुरुस्त करून घ्यावे लागले, आणि ते नेमके कधी बदलले होते हे सांगता आले नाही. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, पॅकिंगला बसण्याआधी, चारही पानांचे बहिणीच्या फोनवरून स्क्रीनशॉट काढतो आणि तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. या कामाला दहा-बारा मिनिटे लागतात. अशा परक्या बदलांच्या ओळीत ‘कोणी केले’ या रकान्यात आम्ही ‘बाहेरून’ असे लिहितो. स्टॉक संपल्याचे दिवस, कुरिअरचा संप, शेजारच्या विक्रेत्याने लावलेली मोठी सूट हेही त्याच नावाखाली जाते. स्टॉक संपलेले दिवस तर सरासरीतून पूर्ण वगळतो, नाहीतर माल नसल्यामुळे न झालेली विक्री एखाद्या बिचाऱ्या फोटोच्या माथी बसते.

आणि एका ओळीपुढे मात्र आमचे काहीच चालले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वयंपाकघरातल्या लोखंडी व पोलादी भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या ८९५ रुपयांच्या भावातला कर वजा केला की मूळ किंमत ७९९ रुपये होते, तिच्यावर ५ टक्के लावले की ८३९. तो भाव आम्ही त्याच दिवशी लावला, तो लावणे भागच होते. त्याच दिवशी घटस्थापना होती. त्याच आठवड्यात बाजारपेठेचा वर्षातला सर्वांत मोठा सेल सुरू झाला. ऑर्डरी दुपटीच्या पुढे गेल्या आणि आम्ही दोघे दिवाळीपर्यंत पॅकिंगच्या टेबलावरून उठलो नाही.

सेल संपल्यावर भाचा शीट घेऊन बसला. त्याला सांगायचे होते की लोकांना ८३९ चा भाव आवडला, म्हणून पुढेही तोच आकडा धरून बसू. मी त्याला मोठ्या तव्याचे आकडे काढायला लावले. तव्याच्या पानावर आम्ही भावाशिवाय काही बदलले नव्हते, पण तवाही त्याच दिवशी, त्याच करकपातीने स्वस्त झाला होता आणि त्याच सेलमध्ये होता. जूनमध्ये जो तवा आमचा साक्षीदार होता, तो यावेळी स्वतःच प्रकरणात गुंतलेला होता. राज्यांचा अहवालही कामाला आला नाही, कारण तिन्ही गोष्टी साऱ्या देशात एकाच वेळी झाल्या होत्या. त्या ओळीच्या निष्कर्षात शेवटी भाच्यानेच लिहिले : ‘कर, नवरात्र, सेल. वेगळे करता येत नाही.’

यामुळे २४ जूनची भाववाढीची ओळसुद्धा लटकून राहिली. शब्द परत आल्यानंतरच्या चार आठवड्यांत १५३ ऑर्डरी होत्या, मेमधल्या १६८ पेक्षा पंधरा कमी, आणि महाराष्ट्रात ७१ च्या जागी ६६. ही घट चाळीस रुपयांची असू शकते, किंवा नुसता योगायोगही असू शकतो. आमच्या मापात तो सहज बसतो. फेब्रुवारीपासून, जेव्हा मोठा सण नसतो, सेल नसतो आणि मुलांच्या परीक्षा यायच्या असतात, तेव्हा चार आठवडे ८३९ आणि चार आठवडे ८७५ असे करून पाहायचे ठरले आहे. त्या काळात टायटलला, फोटोला आणि वर्णनाला दोघांनीही हात लावायचा नाही, असे शीटच्या सर्वांत वरच्या ओळीत लाल रंगाने लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली भाच्याने आपल्या नावाची आद्याक्षरे टाकली आहेत.